लोखंडी जिना घराला धरतो कुठे

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घराला गच्ची होती, पण गच्चीवर जायला जिना नव्हता. पंचवीस वर्षं बांबूची शिडी लावून माणसं वर जात होती, पापड-कुरडया वाळवत होती, टाकी साफ करत होती. आईच्या गुडघ्यांनी शिडीला नकार दिला तेव्हा लोखंडी जिना करायचं ठरलं. मी स्वतः बांधकामावर देखरेख करणारा माणूस, त्यामुळे हे काम सोपं जाईल असं वाटलं होतं. सोपं नव्हतं, पण करता करता एक गोष्ट पक्की कळली. लोखंडी जिन्याचं लोखंड सहसा मोडत नाही. जिना बिघडतो तो पहिल्या मापात, जिथे तो घराला जोडला जातो तिथे आणि कठड्याच्या खांबाच्या पायाशी. म्हणून या तीन जागांबद्दलच सविस्तर लिहितो.

आधी माप. वेल्डिंगवाला आला, त्याने टेप वरून खाली सोडला आणि वहीत लिहिलं, दहा फूट चार इंच. माप बरोबरच होतं, पण ते आजचं होतं. गच्चीवर अजून उघडा स्लॅब होता. त्यावर कोबा आणि फरशी मिळून चार इंच चढणार होते. खाली अंगणात दोन इंचांची फरशी येणार होती. म्हणजे जिना ज्या दोन पातळ्या जोडणार होता, त्यांतली एकही अजून अस्तित्वात नव्हती. वर चार इंच वाढणार, खालून दोन इंच कमी होणार, तेव्हा खरी उंची दहा फूट सहा इंच, म्हणजे १२६ इंच.

या दोन इंचांना एवढं महत्त्व का, ते सांगतो. १२६ इंचांचे अठरा भाग केले की प्रत्येक पायरी बरोबर सात इंचांची येते. वेल्डिंगवाल्याच्या मापाने, १२४ इंचांत अठरा पायऱ्या बसवल्या असत्या, तर त्या पावणेसात इंचांहून किंचित मोठ्या, सारख्या आणि सुबक झाल्या असत्या. मग खाली फरशी बसली की पहिली पायरी जेमतेम पाच इंचांची उरली असती आणि वर कोबा झाला की शेवटची जवळजवळ अकरा इंचांची झाली असती. माणूस जिना चढताना प्रत्येक पायरीकडे पाहत नाही. दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंची कळते आणि पुढे पाय तेवढाच उचलला जातो. अर्ध्या इंचाचा फरकही बूट अडकवायला पुरतो. इथे चार इंचांचा फरक पडणार होता आणि तोही नेमका सगळ्यात वर, जिथून पडलं तर दहा फूट खाली. तुमच्याकडे जुना लोखंडी जिना असेल तर पहिली आणि शेवटची पायरी टेपने मोजून पाहा. मधल्या पायऱ्यांशी त्या जुळत नसतील, तर माप कोबा व्हायच्या आधीचं आहे हे ओळखावं.

अठरा चढांना पायऱ्या लागतात सतरा, कारण अठरावं पाऊल गच्चीवरच पडतं. प्रत्येक पायरीवर पाय ठेवायला दहा इंच मोकळे धरले. पत्रा अकरा इंचांचा केला, म्हणजे वरच्या पायरीची कड खालच्या पायरीवर एक इंच पुढे येते. सतरा दाहे १७० इंच, म्हणजे जमिनीवर जिन्याची लांबी चौदा फूट दोन इंच. आमच्या बाजूच्या गल्लीत पंधरा फूटच जागा होती, त्यामुळे जिना एका दमात वर न्यावा लागला. जागा असेल तर मध्ये तीन फुटांचा थांबा द्यावा आणि त्याला स्वतःचे पाय द्यावेत. चढणाऱ्याला उसंत मिळते, शिवाय लांब चॅनलचे दोन तुकडे होऊन ते आपोआप ताठ होतात.

आता चॅनल. जिन्याच्या दोन्ही बाजूंना तिरप्या जाणाऱ्या आणि पायऱ्यांचा भार पेलणाऱ्या या दोन मुख्य तुळया. इंजिनिअर त्यांना स्ट्रिंगर म्हणतात, आमच्याकडे वेल्डिंगवाले साईडचा चॅनल म्हणतात. आमच्या जिन्यात प्रत्येकाची तिरपी लांबी साधारण साडेसतरा फूट होती. वेल्डिंगवाल्याने चार इंची चॅनल सुचवला, कारण त्याने तसे बरेच जिने केले होते आणि एकही मोडलेला नव्हता. त्याचं म्हणणं खरं होतं. भारतीय मानकाप्रमाणे घराच्या जिन्यावर दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरतात. आमच्या तीन फूट रुंद जिन्यावर तो साडेअकराशे किलोच्या आसपास होतो आणि जिन्याचं स्वतःचं वजन पाचशे किलो. एवढ्या भाराने चार इंची चॅनल मोडत नाही. पण तो वाकतो. पूर्ण भाराखाली मध्यावर साडेतीन सेंटिमीटर, असा हिशेब आला. पाच इंची घेतला तर दीड सेंटिमीटर, आणि सहा इंची घेतला तर एका सेंटिमीटरहूनही कमी. चॅनलची उंची दीडपट केली की ताठपणा चौपट होतो, वजन मात्र दुपटीहून कमीच वाढतं. मोडणं वेगळं आणि हलणं वेगळं. दोन माणसं एकदम उतरायला लागली की जो जिना पायाखाली झुलतो, त्याचा चॅनल सहसा कमी उंचीचा असतो. मग लोक मध्येच एक पाईप टेकू म्हणून उभा करतात. आम्ही सहा इंची घेतला. मीटरला साधारण साडेसोळा किलो वजन, दोन्ही मिळून पावणेदोनशे-एकशेऐंशी किलो.

चॅनल कापताना एक चूक हमखास होते. दोन्ही तुकडे एकाच साच्याने एकसारखे कापले जातात. उभे केल्यावर कळतं की एकाची कड बाहेर आणि दुसऱ्याची आत आली आहे, कारण ते डावं-उजवं करायचे राहिले. म्हणून दोन्ही चॅनल जमिनीवर पाठीला पाठ लावून ठेवावेत आणि दोन्हींवर खूण एकदमच करावी.

यानंतरचा भाग जिन्याच्या साऱ्या कामात सगळ्यात मोलाचा आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. चॅनलचं वरचं टोक नेमकं कशाला टेकतं? बहुतेक जिन्यांत पायऱ्या दोन चॅनलच्या मध्ये बसवतात आणि चॅनलची वरची कड पायऱ्यांच्या टोकांच्या रेषेत राहते. तसं केलं तर आमच्या घरात चॅनलचं टोक गच्चीच्या पातळीपासून खाली सात-आठ इंचांत संपत होतं. त्या उंचीवर भिंतीत काय होतं ते पाहा. वरचे चार इंच कोबा आणि फरशी, त्याखाली पाच इंच स्लॅब. म्हणजे अर्धं टोक कोब्यासमोर आणि अर्धं स्लॅबच्या पातळ कडेसमोर. कोब्यात बोल्ट धरत नाही. पाच इंचांच्या स्लॅबच्या कडेत भोक पाडलं की वर-खाली अडीच-अडीच इंचच काँक्रीट उरतं, आणि आवळल्यावर फुगणारा फास्टनर तिथे काँक्रीटची ढलपी उडवू शकतो. विटांच्या पॅरापेटला जिना लटकवणं तर अजिबात नको, आणि छज्जालाही नको. छज्जा स्वतःच घराला लटकलेला असतो.

आमच्या स्लॅबखाली नऊ इंच रुंदीची तुळई होती, स्लॅबसकट पंधरा इंच खोल. आम्हाला हवी होती ती तुळई. म्हणून पायऱ्या चॅनलच्या मध्ये न बसवता चॅनलच्या डोक्यावर बसवल्या. चाळीस मिलिमीटरच्या अँगलचे त्रिकोणी घोडे करून ते चॅनलच्या वरच्या कडेवर वेल्ड केले आणि प्रत्येक घोड्यावर एक पायरी. यामुळे अख्खा चॅनल आठ इंच खाली सरकला आणि त्याचं टोक बरोबर तुळईच्या समोर आलं. घरात तुळईच नसेल, स्लॅब सरळ विटांच्या भिंतीवर टेकलेला असेल, तर वरच्या टोकालाही भिंतीलगत दोन लोखंडी खांब द्यावेत. जिना मग स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि घराला फक्त बिलगतो.

तुळईला जोडायचं म्हणजे आठ इंच बाय दहा इंचांची, बारा मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट, चार बोल्टांनी. आधी तिथला गिलावा छिन्नीने पूर्ण काढायला लावला. वेल्डिंगवाला नाराज झाला, कारण गिलाव्यावरच प्लेट ठोकली की काम लवकर उरकतं आणि रंगाऱ्याचं कामही वाढत नाही. पण गिलावा पाऊण-एक इंच जाड असतो आणि तो भार घ्यायला केलेला नसतो. प्लेट त्याला दाबते, काही महिन्यांत तो भुगा होतो, बोल्ट सैल होतात आणि जिना ‘कट्’ असा आवाज करायला लागतो.

भोकं पाडताना मी ड्रिलमधून येणाऱ्या भुकटीकडे पाहत होतो. भोक कशात चाललं आहे ते भुकटी सांगते. रवाळ, सहज गळणारी वाळूसारखी भुकटी आली तर ड्रिल अजून गिलाव्यात आहे. लाल आली तर वीट, तिथे थांबायचं. राखाडी, पिठासारखी बारीक भुकटी येऊ लागली आणि ड्रिल जोर मागायला लागलं की काँक्रीट. दुसऱ्या प्लेटच्या तिसऱ्या भोकात ड्रिल दोन इंच जाऊन एकदम अडलं, आवाज बदलला, भुकटीत चकाकणारे कण दिसले. तो तुळईतला रिंगचा गज होता. वेल्डिंगवाल्याने दुसरं बिट लावून गज कापायची तयारी केली, मी थांबवलं. तुळईतला गज आपल्या सोयीसाठी तोडायचा नसतो. भोक दीड इंच बाजूला घेतलं, जुनं भोक भरलं आणि प्लेटला नवं छिद्र पाडलं. म्हणूनच आधी भिंतीतली भोकं आणि मग त्यांच्या मापाने प्लेटची छिद्रं, हा क्रम बरा.

आमच्या भागात दुसरी एक रीत आहे. स्लॅबची कड फोडून गज उघडे करायचे, चॅनल त्यांना वेल्ड करायचा आणि वरून सिमेंट थापायचं. दिसायला ही जोडणी एकजीव वाटते. पण वेल्डिंगच्या उष्णतेने गजाचा गुण बिघडू शकतो, आणि थापलेलं सिमेंट जुन्या काँक्रीटला नीट धरत नाही. त्या फटीतून पाणी शिरतं, गज गंजून फुगतो आणि स्लॅबची कड फुटू लागते. तिथे तपकिरी डाग ओघळलेले दिसले की आत हेच चाललं आहे असं समजावं.

आम्ही केमिकल अँकर वापरले. बारा मिलिमीटरचा आटे असलेला रॉड, चौदा मिलिमीटरचं भोक, ११० मिलिमीटर खोल. रॉडभोवतीचं रसायन घट्ट होऊन काँक्रीटला चिकटतं. फुगून काँक्रीट ताणण्याचा प्रकार यात नसल्यामुळे कडेजवळ ते अधिक सुरक्षित असतं. पण चिकटण्यासाठी भोक स्वच्छ हवं. हातपंपाने हवा मारायची, तारेचा गोल ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. भुकटी आत राहिली तर रसायन भुकटीला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि रॉड हाताने फिरवला तरी फिरतो. रसायन भोकाच्या तळापासून भरत बाहेर यायचं, म्हणजे आत हवा कोंडत नाही. रॉड घातल्यावर तोंडाशी थोडं रसायन बाहेर डोकावलं तर भोक पूर्ण भरलं आहे. मग पुड्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत त्याला कुणीही हात लावायचा नाही. हिवाळ्यात हा वेळ वाढतो. दुसऱ्या दिवशी नट आवळले आणि चॅनलचं टोक प्लेटला वेल्ड केलं. वेल्डची उष्णता रॉडपर्यंत जाऊन रसायन भाजू नये म्हणून थोडं थोडं, थांबत.

खालचं टोक त्या मानाने सोपं. आमच्याकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, त्यामुळे वरवरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर जिना ठेवला असता तर ठोकळा वर-खाली झाला असता आणि तुळईजवळचे बोल्ट नाहक ताणले गेले असते. मुरूम लागेपर्यंत, साडेतीन फूट, खणलं. काँक्रीटमध्ये फाउंडेशन बोल्ट पुरले आणि बैठक फरशीच्या तीन इंच वर आणली. लोखंडी जिने बहुतेक वेळा पायाशीच सडतात, कारण बैठक जमिनीच्या पातळीत असते आणि अंगण धुतलेलं पाणी तिथे साचतं. चॅनलच्या खालच्या कडेवरून पन्हळीसारखं पाणी उतरतं, म्हणून तळाशी बारा मिलिमीटरचं एक भोक पाडून त्याला वाट करून दिली.

पायऱ्यांसाठी पाच मिलिमीटरचा चेकर्ड पत्रा घेतला, पुढची आणि मागची कड चाळीस मिलिमीटर खाली मुडपून. सपाट पत्रा तीन फुटांत पायाखाली दबतो आणि वाजतो, मुडपलेला दबत नाही. कड वर मुडपून त्यात काँक्रीट किंवा कडप्पा भरण्याची पद्धतही आहे, पायाला ते गार लागतं. पण त्या ताटलीत पावसाचं पाणी मुरतं आणि पत्रा खालून, न दिसणाऱ्या बाजूने, गंजतो. अंगणातल्या उघड्या जिन्याला मी ते करणार नाही. पायऱ्यांखाली तीन ठिकाणी दोन्ही चॅनल आडव्या अँगलने जोडले, त्याचा उपयोग कठड्याला होतो.

कठड्याची उंची पायरीच्या कडेपासून एक मीटर ठेवली. गज उभे, आडवे नाहीत, कारण आडव्या गजांवर मुलं शिडीसारखी चढतात. दोन गजांमधली फट चार इंचांच्या आत, म्हणजे लहान मुलाचं डोकं त्यातून जात नाही. पण कठडा मजबूत आहे की नाही ते गजांवर ठरत नाही, खांबाच्या पायावर ठरतं. चाळीस मिलिमीटरचा चौकोनी पाईप पायरीच्या पत्र्यावर उभा करून चारी बाजूंनी वेल्ड केला, असं समजा. वर एक मीटरवर कुणी तोल जाऊन ७५ किलोच्या जोराने धडकलं, तर हा जोर पंचवीसपट होऊन खांबाच्या पायाशी पोचतो, कारण वरचा दांडा एक मीटरचा आणि खालची पकड चार सेंटिमीटरची. वेल्डच्या एका कडेवर जवळजवळ १,९०० किलोची ओढ. शिवाय खालचा पत्रा पाच मिलिमीटरचाच, तो त्या जागी मुडपतो.

आमच्या चॅनलच्या कडा आम्ही बाहेरच्या बाजूला ठेवल्या होत्या. खांब पायरीवर न थांबवता बाहेरून थेट चॅनलच्या तळापर्यंत उतरवला आणि वरच्या कडेला एकदा, खालच्या कडेला एकदा असा दोन ठिकाणी वेल्ड केला. तिरप्या चॅनलमुळे या दोन जोडांमध्ये साडेसात इंचांचं अंतर मिळालं. खांब लांब झाला हे धरूनही ओढ सुमारे पाचशे किलोवर आली, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या आसपास. लोखंड वाढलं ते खांबामागे फुटभर. खांब चार-चार फुटांवर, पाईप तीन मिलिमीटर जाडीचा. सोळा गेजचा पाईप १.६ मिलिमीटरचा असतो, तो वेल्डिंग करताना जळून भोक पडतं आणि मग वरून लांबी भरून झाकलं जातं. प्रत्येक पाईपच्या डोक्यावर टोपी वेल्ड केली आणि तळ उघडा ठेवला, आत पाणी साचू नये म्हणून. गच्चीवर पॅरापेट जिथे तोडला तिथल्या विटांचा कठड्याला आधार धरायचा नाही. तो शेवटचा खांबही चॅनललाच.

वेल्डिंगवाल्याशी सुरुवातीलाच एक बोलणं झालं होतं.

“दादा, मी पाहिल्याशिवाय रेड ऑक्साईड लावायचा नाही.”

“साहेब, माझ्या कामावर विश्वास नाही का?”

“आहे. पण रंगाखाली टाका कुठला आणि पूर्ण वेल्ड कुठला, ते मलाच काय, तुम्हालाही ओळखता येणार नाही.”

टाके म्हणजे तुकडे जागच्या जागी धरण्यासाठी दिलेले वेल्डचे ठिपके. घाईत काही जोड टाक्यावरच राहतात. हातोडीने वरची राखेची साल पाडली की पूर्ण वेल्ड सलग, माशाच्या खवल्यांसारखा दिसतो. टाका म्हणजे सुटा थेंब. आमच्या जिन्यात एकूण चौतीस घोडे होते, त्यांतले पाच टाक्यावर निघाले. सगळे वरच्या भागात, जिथे शिडीवर उभं राहून वेल्डिंग करावं लागतं. त्याने काही न बोलता ते पूर्ण करून दिले. काम किलोवर ठरलं होतं, काट्यावर सगळं मिळून पाचशे दहा किलो भरलं.

पहिला पावसाळा संपल्यावर पाना घेऊन वरचे आठही नट तपासले. एकही फिरला नाही. प्लेटच्या कडेने गिलावा पुन्हा लावला होता, त्यालाही चीर नव्हती. खाली मात्र पाणी जायला ठेवलेलं एक भोक पिंपळाच्या पानांनी बुजलं होतं आणि तिथे रंगाखाली बोटभर फुगवटा आला होता. तो खरवडून तारेच्या ब्रशने साफ केला, प्राइमरचे दोन हात दिले आणि भोक वीस मिलिमीटरचं केलं. आई आता सकाळी कपडे वाळत घालायला वर जाते, कठड्याला हात लावून.